आज्ञेवाचून अधिकार : बॅबिलोनियातील गाओन आणि इ.स. ९२१-२२ चा पंचांगवाद

प्रास्ताविक

अब्बासी खिलाफतीच्या काळात बहुसंख्य ज्यू समाज मुस्लिम सत्तेखालील प्रदेशांत विखुरलेला होता. पूर्वेस खोरासानपासून पश्चिमेस स्पेनपर्यंत पसरलेल्या या वस्त्यांना स्वतःचे राज्य नव्हते आणि सैन्यही नव्हते. तरीही विवाह, वारसा, व्यापारी करार, उपवास, सण यांविषयीचा शेवटचा शब्द कोणाचा, असा प्रश्न निर्माण झाला की त्यांच्यापैकी अनेकांची दृष्टी बॅबिलोनियाकडे, म्हणजे आजच्या इराककडे, वळत असे. तेथे सुरा आणि पुंबेदिता या नावांची दोन प्राचीन विद्यापीठे होती. त्यांच्या प्रमुखास ‘गाओन’ असे संबोधले जाई. नवव्या शतकाच्या अखेरीपासून ही विद्यापीठे प्रत्यक्षात बगदादमध्ये नांदू लागली, मात्र नावे जुन्याच गावांची राहिली.

गाओनांच्या अधिकाराविषयी लिहिताना ‘ज्यू जगताचे सर्वोच्च धर्मपीठ’ असे शब्द सहज वापरले जातात. प्रस्तुत लेखकाच्या मते हे वर्णन दिशाभूल करणारे आहे. सर्वोच्च न्यायालयाला निकालाची अंमलबजावणी करता येते; फुस्तात किंवा कैरवान येथील ज्यूला गाओन काहीही करायला भाग पाडू शकत नव्हता. मग त्याचे का ऐकले जाई, आणि ते कोठपर्यंत ऐकले जाई? या प्रश्नाचा विचार येथे एकाच घटनेच्या आधारे करावयाचा आहे. ती घटना म्हणजे इ.स. ९२१-२२ मध्ये बॅबिलोनिया आणि पॅलेस्टाइन यांच्यात झालेला पंचांगवाद होय. त्यात गाओनांच्या अधिकाराची ताकद दिसते, आणि मर्यादाही दिसते.

अधिकाराची दोन वर्तुळे

वादाकडे वळण्यापूर्वी या अधिकाराची रचना पाहणे आवश्यक आहे. बगदादमध्ये ज्यूंचे तीन मानबिंदू होते. ‘रेश गालुथा’ हा दावीद राजाच्या वंशातील मानला जाणारा लौकिक प्रमुख असून त्याला खलिफाच्या दरबारी मान्यता होती. दोन विद्यापीठांचे दोन गाओन हे उरलेले दोन. इराक, इराण आणि त्यापलीकडचे प्रांत या तिघांत वाटलेले होते. ज्याच्या वाट्यास जो प्रांत येई, त्याने तेथे न्यायाधीश नेमावेत आणि तेथील वर्गणी घ्यावी, असा प्रघात होता. न जुमानणाऱ्यावर बहिष्कार घालता येत असे. खोरासानचे उत्पन्न कोणाचे, यावरून रेश गालुथा उक्बा आणि पुंबेदिताचे प्रमुख कोहेन त्सेदेक यांच्यात मोठा संघर्ष झाल्याची हकिकत दहाव्या शतकातील ‘बॅबिलोनियाचा नाथान’ या वृत्तांतकाराने नोंदवली आहे. हे आतले वर्तुळ होते, आणि तेथे अधिकार म्हणजे नेमणूक, कर आणि शिक्षा.

बाहेरचे वर्तुळ निराळे होते. इजिप्त, उत्तर आफ्रिका, स्पेन येथे गाओनाचा न्यायाधीश नव्हता आणि कर गोळा करणारा माणूसही नव्हता. तेथून येत ते प्रश्न, आणि प्रश्नांसोबत देणगी. कैरवानचे विद्वान आपल्या अडचणींची यादी करून ती व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर फुस्तातला पाठवीत. तेथील प्रतिनिधी ती बगदादकडे रवाना करी. वर्षातून दोनदा, अदार आणि एलूल या महिन्यांत, विद्यापीठात दूरदूरचे विद्यार्थी व विद्वान जमत. नाथानच्या वर्णनानुसार अदारच्या सभेत हे प्रश्न वाचले जात, प्रमुखासमोर सात रांगांत बसलेले सत्तर सदस्य त्यांवर वाद घालीत, आणि अखेर प्रमुखाच्या आज्ञेने लेखनिक उत्तर लिहून घेई. उत्तर त्याच वाटेने परत जाई. फुस्तातच्या प्रतिनिधींकडे त्याच्या नकला होत, आणि म्हणूनच एवढा पत्रव्यवहार कैरोच्या गेनिझात, म्हणजे सिनेगॉगमधील जुन्या कागदांच्या कोठीत, आपल्यासाठी शिल्लक राहिला.

या व्यवस्थेत एक गोष्ट सहज नजरेआड होते. बाहेरच्या वर्तुळात गाओन स्वतःहून बोलत नसे. त्याला विचारावे लागे. विचारणे थांबले की देणगी थांबे, आणि अधिकारही मूक होई. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुंबेदिताचे गाओन शेरीरा यांच्या पत्रांत प्रश्न आणि देणग्या येईनाशा झाल्याची तक्रार वारंवार आढळते, ती उगाच नव्हे.

दोनशे सदतीस भाग

पंचांग मात्र कोणी विचारण्याची वाट पाहत नाही. सण ठरलेल्या दिवशी यावाच लागतो, आणि सर्वांनी तो एकाच दिवशी पाळावा ही अपेक्षा असते. पंचांगातील मतभेद घराघरांत काय घडवतो, हे मराठी वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

ज्यू वर्ष चांद्र आहे. महिने २९ किंवा ३० दिवसांचे असतात आणि ऋतूंशी मेळ राखण्यासाठी १९ वर्षांत ७ अधिक मास धरले जातात. वर्षारंभ तिश्री महिन्याच्या पहिल्या दिवशी, शरद ऋतूत होतो. हा दिवस ठरवण्यासाठी चंद्र-सूर्याच्या मध्यम युतीचा क्षण गणिताने काढतात. एका युतीपासून दुसरीपर्यंत २९ दिवस, १२ तास आणि ७९३ भाग एवढे अंतर धरले जाते. तासाचे भाग १०८०. दिवस संध्याकाळी सहापासून मोजला जातो. नियम असा की युती मध्यान्हापूर्वी झाली तर तोच दिवस वर्षारंभाचा. मध्यान्ही किंवा त्यानंतर झाली तर दुसरा दिवस. शिवाय रविवार, बुधवार आणि शुक्रवार या दिवशी वर्षारंभ करावयाचा नाही. तसे आल्यास आणखी एक दिवस पुढे जावयाचे.

आता इ.स. ९२३ च्या शरदातील युती पाहू. ज्यू गणनेनुसार ते ४६८४ वे वर्ष. वरील गणिताने युती येते ती शनिवारी, मध्यान्हानंतर २३७ भागांनी, म्हणजे सुमारे १३ मिनिटांनी. बॅबिलोनियाच्या नियमाप्रमाणे ही वेळ टळलेली होती. म्हणून शनिवार नाही, रविवार निषिद्ध, तेव्हा वर्षारंभ सोमवारी. पॅलेस्टाइनमधील विद्यापीठाचे प्रमुख बेन मेइर यांचे म्हणणे वेगळे होते. मर्यादा मध्यान्हाची नसून मध्यान्हानंतर ६४२ भागांची, म्हणजे सुमारे साडेपस्तीस मिनिटांची आहे, अशी परंपरा आपल्याकडे आहे, असे ते म्हणत. तसे असेल तर तेरा मिनिटांचा उशीर हा उशीरच नव्हे, आणि वर्षारंभ शनिवारीच.

इथवर हा वाद दोन वर्षांनंतरच्या एका दिवसाचा वाटेल. पण गणिताची साखळी मागे ओढत नेली की तो जवळ येतो. ४६८३ वे वर्ष बॅबिलोनियाच्या हिशेबाने गुरुवारी सुरू होत होते. ते गुरुवारी सुरू करून पुढचे वर्ष शनिवारी आणावयाचे तर मधले वर्ष ३५२ दिवसांचे होईल, आणि अधिक मास नसलेले वर्ष ३५३ दिवसांहून लहान असू शकत नाही. म्हणून बेन मेइर यांना ४६८३ चा आरंभही दोन दिवस अलीकडे, मंगळवारी घ्यावा लागला. त्यासाठी चालू वर्ष, म्हणजे इ.स. ९२१ च्या शरदात सुरू झालेले ४६८२, हे ३८५ ऐवजी ३८३ दिवसांचे करावे लागले. हे दोन दिवस कमी करण्याची जागा एकच : मार्हेश्वान आणि किस्लेव हे दोन महिने तीस-तीस दिवसांऐवजी एकोणतीस दिवसांचे धरणे. हे महिने तर समोरच उभे होते. इ.स. ९२१ च्या शरदात जेरुसलेमच्या ऑलिव्ह डोंगरावरील वार्षिक मेळाव्यात बेन मेइर यांच्या पक्षाने नेमकी हीच घोषणा केली.

परिणाम असा की वल्हांडण सण पॅलेस्टाइनच्या घोषणेनुसार रविवारी, १४ एप्रिल ९२२ रोजी आणि बॅबिलोनियाच्या हिशेबाने मंगळवारी, १६ एप्रिल रोजी आला. या सणात घरात खमिराचा कणही ठेवावयाचा नसतो. म्हणजे एका पक्षाने घर धुऊनपुसून बेखमीर भाकरी खाल्ली, तेव्हा दुसऱ्याच्या चुलीवर नेहमीची रोटी शिजत होती. त्याच वर्षी शरदात प्रायश्चित्ताचा उपवास एकाने गुरुवारी केला, दुसऱ्याने शनिवारी. फुस्तातमध्ये पॅलेस्टाइनला मानणारी आणि बॅबिलोनियाला मानणारी अशी दोन सिनेगॉग एकाच नगरात होती, हे लक्षात घेतले म्हणजे या तेरा मिनिटांचे वजन कळते.

पत्रांची लढाई

या वादात बॅबिलोनियाच्या बाजूने जो माणूस पुढे आला, तो अजून गाओन नव्हता आणि बॅबिलोनियाचाही नव्हता. सादिया बेन योसेफ यांचा जन्म इ.स. ८८२ मध्ये इजिप्तच्या फय्यूम प्रदेशातला. पॅलेस्टाइनमध्ये काही काळ काढून ते पूर्वेकडे निघाले असता अलेप्पो येथे त्यांना बेन मेइर यांच्या बेताची वार्ता मिळाली. त्यांनी तेथूनच बेन मेइर यांना पत्र लिहून नियम समजावून दिला. पुढे बगदादला पोचल्यावर त्यांना घोषणा प्रत्यक्ष झाल्याचे कळले. त्यानंतर रेश गालुथा दावीद बेन झक्काई आणि विद्यापीठांचे प्रमुख यांच्या वतीने पत्रे निघाली, आणि सादिया यांनी स्वतः इजिप्तमधील आपल्या शिष्यांना व परिचितांना लिहिले.

या पत्रांत दोन प्रकारचे युक्तिवाद दिसतात, आणि ते एकमेकांना पूरक नाहीत. पहिला ऐक्याचा : समाज फुटू नये, अजाणतेपणी कोणी सणाच्या दिवशी निषिद्ध अन्न खाऊ नये. दुसरा ज्ञानाचा : बॅबिलोनियाच्या पंडितांनी पूर्वीच पॅलेस्टाइनला जाऊन ही गणना आत्मसात केली आहे, तेव्हापासून ते ती स्वतंत्रपणे करीत आहेत, आणि नियम सर्वांना ठाऊक आहे. बेन मेइर यांचे उत्तर परंपरेचे होते. पंचांग घोषित करण्याचा हक्क पवित्र भूमीचा, तो इतर कोणाचा नाही. या मुद्द्यात जोर होता. परंतु पत्रे जसजशी वाढली तसतशी ती कडवट होत गेली, आणि बेन मेइर यांनी सादिया यांच्या वडिलांविषयीही अपशब्द काढले.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे थोडे थांबावे लागते, कारण जुना दाखला बेन मेइर यांच्या बाजूचा आहे. गेनिझात इ.स. ८३५ च्या सुमाराचे एका रेश गालुथाचे पत्र सापडले आहे. त्यात तो स्पष्ट सांगतो की, आपण आणि विद्यापीठांचे प्रमुख पंचांगाच्या बाबतीत पॅलेस्टाइनच्या विद्वानांच्या निर्णयावर अवलंबून राहतो, ते इस्राएलात फूट पडू नये म्हणून. म्हणजे जेमतेम ८६ वर्षांपूर्वी ऐक्याचा हाच युक्तिवाद बगदादने स्वतःच्या विरुद्ध वापरला होता. ९२१ मध्ये तोच शब्द कायम राहिला, पण कोणाभोवती एक व्हायचे ते केंद्र बदलले. बॅबिलोनियाची पत्रे ज्या प्राचीन स्वातंत्र्याचा हवाला देतात, ते वस्तुतः दोन-तीन पिढ्यांइतकेच जुने असावे. ६४२ भागांची मर्यादा बेन मेइर यांनी वादापुरती शोधून काढली, असे जुने संशोधक मानत. पण ज्या काळात पॅलेस्टाइनचे पंचांग बॅबिलोनियाहून काहीसे वेगळे चालत होते, त्या काळाचा हा अवशेष असणे अधिक संभवनीय आहे.

मग बॅबिलोनियाची सरशी का झाली? शिक्षा करण्याची सोय कोणाजवळच नव्हती. खलिफाने निकाल दिला असेही घडले नाही. प्रस्तुत लेखकाला महत्त्वाचे वाटते ते एक साधे कारण. बेन मेइर यांचा आकडा मान्य करण्यासाठी त्यांच्यावर विश्वास ठेवावा लागे; बॅबिलोनियाचा आकडा मात्र कोणीही पडताळून पाहू शकत होता. मध्यान्ह ही मर्यादा लोकांना माहीत होती आणि तिच्या आधारे अनेक वर्षांची पंचांगे आधीच तयार होती. कैरवानच्या किंवा फुस्तातच्या जाणत्या माणसाने बोटांवर हिशेब केला तरी उत्तर बगदादचेच येई. सादिया यांनी रेश गालुथाच्या सांगण्यावरून या वादावर एक ग्रंथ रचला, तोही समाजांत वाचून दाखवण्यासाठी. आज्ञा पाठवण्यापेक्षा पटवून देणारा मजकूर पाठवणे, हे बाहेरच्या वर्तुळातील अधिकाराचे खरे साधन होते.

फूट मात्र काही काळ प्रत्यक्षात पडली. अकराव्या शतकातील सिरियाक ख्रिस्ती इतिहासकार निसिबिसचा एलिया याने पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील ज्यूंनी त्या वर्षी वेगवेगळ्या दिवशी वर्षारंभ केल्याची नोंद ठेवली आहे. गाओनांचा अधिकार न मानणाऱ्या कराई पंथाच्या लेखकांनाही या प्रसंगाचा विसर पडला नाही, हे स्वाभाविकच आहे. कालांतराने ६४२ भागांची मर्यादा मागे पडली आणि मध्यान्हाचा नियम सर्वत्र रूढ झाला.

सही आणि बहिष्कार

विजयाचे फळ सादिया यांना मिळाले. इ.स. ९२८ मध्ये दावीद बेन झक्काई यांनी त्यांना सुराचे गाओन नेमले; परदेशी माणसाला असा मान देणे असाधारण होते. परंतु दोन वर्षांतच दोघांत बिनसले. एका मोठ्या वारसाप्रकरणी रेश गालुथाने दिलेल्या निवाड्यावर दोन्ही गाओनांची सही हवी होती. पुंबेदिताच्या कोहेन त्सेदेक यांनी सही केली, सादिया यांनी नाकारली. रेश गालुथाच्या मुलाने धमकी दिली, प्रकरण हातघाईवर गेले, दोन्ही पक्षांनी एकमेकांवर बहिष्कार घातला आणि दुसरा रेश गालुथा, दुसरा गाओन नेमून मोकळे झाले. वाद खलिफाच्या दरबारी गेला आणि सादिया यांना पद सोडावे लागले. समेट झाला तो ९३७ मध्ये.

पाहण्याजोगी गोष्ट अशी की, दूरच्या समाजांना पत्राने वळवणारा हा माणूस बगदादमध्ये, जेथे न्यायाधीश आणि शिक्षा उपलब्ध होत्या, तेथे पदच्युत झाला. आतल्या वर्तुळातील अधिकार नेमणुकीचा होता, म्हणून तो काढूनही घेता येत होता. पदावर नसताना सादिया यांनी ९३३ मध्ये आपला तत्त्वज्ञानविषयक प्रमुख अरबी ग्रंथ पूर्ण केला. लेखक म्हणून त्यांचे वजन त्या वर्षांत घटले नाही. ९४२ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर सुराचे विद्यापीठ काही दशके बंद राहिले.

प्रश्न विचारणाऱ्यांचे काय झाले?

बाहेरच्या वर्तुळाचा पुढील इतिहास एका पत्राने डोळ्यांसमोर येतो. इ.स. ९८७ च्या सुमारास कैरवानच्या याकोब बेन निस्सीम यांनी शेरीरा गाओन यांना विचारले : मिश्ना कशी लिहिली गेली, ताल्मुद कसा तयार झाला, आणि त्यानंतर विद्यापीठांचे प्रमुख कोण कोण झाले? शेरीरा यांच्या दीर्घ उत्तरात गाओनांची नावे व वर्षे क्रमाने आहेत. आज आपण या विद्यापीठांचा जो कालक्रम सांगतो, तो मुख्यतः याच पत्रावर उभा आहे. मात्र ते एका पक्षाचे निवेदन आहे. शेरीरा पुंबेदिताचे, आणि त्यांची पुंबेदिताकडे झुकणारी दृष्टी वाचकाने सतत ध्यानात ठेवावी लागते. त्याहून बोलका आहे तो प्रश्न. ज्यांना केवळ निर्णय हवा असतो ते असा प्रश्न विचारीत नाहीत. निर्णय देणाऱ्याचा अधिकार कोठून आला, हे समजून घेण्याइतके ज्ञान ज्यांच्याकडे आहे, तेच विचारतात. कैरवान आता विद्यार्थी राहिले नव्हते.

बाराव्या शतकात स्पेनमधील अब्राहाम इब्न दाउद यांनी याचे स्पष्टीकरण एका कथेत दिले. समुद्रावर पकडले गेलेले चार विद्वान वेगवेगळ्या नगरांत विकले गेले, त्यांनी तेथे विद्येची केंद्रे उभारली, आणि बॅबिलोनियाकडे जाणारा ओघ आटला. कथा रम्य आहे, पण खरी नाही. त्या चौघांपैकी कैरवानला गेलेल्या हुशीएल यांचे स्वतःचे पत्र गेनिझात मिळाले असून, ते कैदी म्हणून नव्हे तर आपखुशीने प्रवास करीत तेथे आले होते, असे त्यावरून दिसते. ओघ आटला हे मात्र खरे, आणि त्याचे कारण गाओनांच्या स्वतःच्या पत्रांत आहे. प्रत्येक उत्तर नियम शिकवीत होते. पुरेशी उत्तरे जमा झाली, त्यांचे संग्रह झाले, की पुढचा प्रश्न बगदादला पाठवण्याची गरज उरली नाही. शेरीरा यांचे पुत्र हाय यांच्याकडे अखेरपर्यंत प्रश्न येत राहिले, इ.स. १०३८ मध्ये त्यांच्या निधनानंतर पुंबेदिताला तसे स्थान पुन्हा लाभले नाही.

पंचांगाच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट आहे. बाराव्या शतकात फुस्तातमध्ये राहणाऱ्या मैमोनिदीस यांनी आपल्या धर्मसंहितेत पंचांगाचे गणित मांडले. त्यात मर्यादा मध्यान्हाचीच आहे. ६४२ भागांना तेथे स्थान नाही. ही गणना शाळेतील मुलांनाही तीन-चार दिवसांत शिकता येईल, असे ते म्हणतात. सणाचा दिवस जाणून घेण्यासाठी आता गाओनाची गरज नव्हती. आणि त्याच ग्रंथात ते असेही सांगतात की, दूरदेशी केलेला हिशेब स्वतः दिवस ठरवीत नाही. पवित्र भूमीतील लोकांनी जो दिवस ठरवला, तो फक्त त्यातून कळतो. आकडा बगदादचा टिकला, आणि हक्काचे तत्त्व बेन मेइर यांचे.